योसेफ मिसरात गेला की नेला गेला? हिब्रू क्रियापदांचे साचे ओळखताना

हिब्रू क्रियापदांचे सात साचे तक्त्यावरून पाठ होतात, पण गोष्ट वाचताना तो तक्ता फारसा कामाला येत नाही. म्हणून मी बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाचे ३७ ते ३९ हे अध्याय घेऊन बसलो. योसेफाची ही कथा एकाच धातूला वेगवेगळ्या साच्यांत फिरवते, आणि साचा बदलला की वाक्यात कोण काय करतंय हेही बदलतं.

धातू आहे य-र-द, म्हणजे खाली उतरणं. ३८:१ मध्ये योसेफाचा भाऊ यहूदा इतर भावांना सोडून निघतो, तिथे ‘वय्येरेद’ येतं. हा साधा साचा, कल. यहूदा आपल्या पायांनी, आपल्या मर्जीने उतरला. ३९:१ मध्ये कथा योसेफाकडे वळते: ‘वयोसेफ हूरद मित्सरायमा’, ‘आणि योसेफ मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, खाली नेला गेला’. हा हॉफल, म्हणजे करवून घेण्याच्या साच्याचं कर्मणी रूप. त्याच वचनाच्या शेवटी इश्माएली लोकांबद्दल ‘होरीदूहू’ येतं, ‘त्यांनी त्याला खाली आणलं होतं’. हा हिफील, प्रयोजक साचा.

इथे पहिली अडचण कोशात येते. ‘हूरद’ आणि ‘होरीदूहू’ यांत य दिसतच नाही. पुढचा ह साच्याचा म्हणून काढला की हातात र आणि द एवढंच उरतं, आणि माणूस र-द-ह सारखा भलताच धातू शोधत बसतो. अशा वेळी मी ह नंतरचा स्वर बघतो. तो लांब ‘ओ’ असेल तर धातूचं पहिलं अक्षर बहुधा य, आणि साचा हिफील. लांब ‘ऊ’ असेल तर पहिलं अक्षर बहुधा तेच, पण साचा हॉफल. या य च्या जागी मुळात व होता. तोच त्या स्वरात मुरलाय.

आता वाक्याकडे. गोष्ट एरवी ‘वय्य-’ने सुरू होणाऱ्या क्रियापदांनी पुढे सरकते: आणि गेला, आणि म्हणाला, आणि घेतलं. ३९:१ ही साखळी तोडतं. आधी योसेफाचं नाव, मग पूर्णकाळी हॉफल. यहूदाचं आडवळण संपलं, ३७ च्या शेवटी सोडलेला धागा पुन्हा हातात घेतला, हे त्यातून कळतं. योसेफ वाक्याचा कर्ता आहे खरा, पण करत काहीच नाही. नेणारे कोण हे मिसरी अधिकारी पोटीफराने त्याला विकत घेतल्यावर, शेवटच्या उपवाक्यात उघड होतं. मराठीत आपण सहज ‘योसेफाला मिसरात नेलं’ म्हणतो. नेणारा त्यातही लपतो, पण योसेफ कर्म होऊन बसतो. ‘योसेफ मिसरात नेला गेला’ जरा अवघडलेलं वाटतं, तरी हिब्रूची मांडणी त्यातच टिकते.

रूप पाहून साचा कळेलच असंही नाही. ३७:२८ मधलं ‘वय्यअलू’ कल म्हणून ‘ते वर चढले’ आणि हिफील म्हणून ‘त्यांनी वर काढलं’, दोन्ही होऊ शकतं. स्वरचिन्हं तंतोतंत तीच. निकाल पुढचा ‘एत योसेफ’ लावतो. ‘एत’ निश्चित कर्माची खूण आहे, म्हणून इथे हिफील. एकट्या क्रियापदाकडे टक लावून काही हाती लागत नाही.

पिएल या आणखी एका साच्याला ‘तीव्रतावाचक’ म्हणायची रीत आहे, आणि माझ्या मते तिनेच जास्त घोटाळा केलाय. ३७:१४ मध्ये याकोब योसेफाला भावांची खबर आणायला पाठवतो: ‘वय्यिश्लाखेहू’, कल. ३७:३२ मध्ये भाऊ रक्तात बुडवलेला झगा बापाकडे धाडतात: ‘वय्शल्लखू’, पिएल. खूण म्हणजे मधल्या ल चं द्वित्व. शिवाय य खाली श्वा हे स्वरचिन्ह आल्यामुळे एरवी त्या य वर येणारा द्वित्वाचा ठिपका इथे गळतो. याचा अर्थ ‘जोरात पाठवलं’ असा नाही. कलमध्ये निरोप किंवा काम देऊन पाठवणं येतं. पिएलचा झुकाव रवाना करण्याकडे, हातावेगळं करण्याकडे. झग्याच्या बाबतीत ते चपखल बसतं.

उरला पुअल, पिएलचं कर्मणी रूप. झगा पाहून याकोब म्हणतो, ‘तारोफ तोरफ योसेफ’, योसेफ फाडलाच गेला. ‘तोरफ’ पुअलसारखं दिसतं, पण र ला द्वित्व चालत नाही, म्हणून आधीचा ‘उ’ लांबून ‘ओ’ झाला असं स्पष्टीकरण द्यावं लागतं. मात्र या धातूचा पिएल बायबलमध्ये सापडत नाही, आणि शेजारचं ‘तारोफ’ सरळ कल आहे. म्हणून अनेक वैयाकरण ‘तोरफ’ला कलचंच जुनं कर्मणी रूप मानतात. मलाही तेच पटतं. तेव्हा इथे ‘चिंधड्या केल्या’ असा पिएलचा जोर अनुवादात भरू नये. वाक्यातला ठामपणा ‘तारोफ’च्या पुनरुक्तीतून आलेला आहे.