तुम्ही विचारलंत म्हणून: गॅसच्या बिलावर सबसिडी का दिसत नाही

“ताई, बिलावर सबसिडी कुठेच नाही, वर गॅसवाला डिलिव्हरीचे वेगळे मागतो. मग खरं द्यायचं किती?”

बिलाच्या शेवटच्या ओळीत असेल तेवढंच. एजन्सीच्या काउंटरमागे बसून हे सांगते म्हणून कुणाला खरं वाटत नाही, त्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

एप्रिल २०२५ च्या दरवाढीनंतरचं मुंबईतलं बिल घ्या. १४.२ किलोचा घरगुती सिलेंडर, एकूण ८५२ रुपये ५० पैसे. त्यात मूळ रक्कम ८११.९०, तिच्यावर अडीच टक्के केंद्राचा जीएसटी २०.३० आणि तेवढाच राज्याचा २०.३०. डिलिव्हरीचा आकार कुठल्या बिलावर वेगळ्या ओळीत असतो, कुठल्या बिलावर मूळ किमतीतच धरलेला असतो. कसाही असो, एकूण रकमेच्या आतच असतो. वेगळी ओळ दिसली म्हणून तेवढे आणखी काढून द्यायचे नाहीत. उलट तुम्ही स्वतः गोडाऊनवरून सिलेंडर आणलात तर डिलिव्हरीचे पैसे बिलातून कमी झाले पाहिजेत, ते मागून घ्या.

“पण चौथा मजला आहे, लिफ्ट नाही,” असं गॅसवाला म्हणतो. खरंच आहे ते. सिलेंडर खांद्यावर घेऊन चढताना त्या पोरांचे काय हाल होतात ते मी रोज बघते. तरी घरपोच म्हणजे घरापर्यंत. मजल्याचा वेगळा दर नाही. त्याला पुरेसं देणं हे एजन्सीचं काम. हे मी आत बोलले तेव्हा कुणाला आवडलं नाही, आणि पैसे मागणं अजून थांबलेलं नाही.

आता सबसिडी. बिल पूर्ण किमतीचंच निघतं, सबसिडी नंतर बँकेत येते, म्हणून ती बिलावर दिसत नाही. उज्ज्वला नसलेल्या मुंबईकरांना मे २०२० पासून ती मिळतच नाही, तेव्हा पासबुक चाळून उपयोग नाही. उज्ज्वलावाल्यांना २०२५-२६ मध्ये सिलेंडरमागे ३०० रुपये होते, वर्षाला ९ सिलेंडरपर्यंत.

गोवंडीच्या एक मावशी एकदा पासबुक काउंटरवर आपटून म्हणाल्या, “माझे तीनशे तुम्हीच खाताय.” रांग लागलेली, सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सबसिडीच्या पैशाला एजन्सीचा हातच लागत नाही, ते थेट बँकेत जातात. तसं मी तोडून बोललेही. पण त्यांचं पासबुक खरंच कोरडं होतं, आणि आमच्या स्क्रीनवर मात्र प्रत्येक सिलेंडरपुढे पैसे जमा झाल्याचं दिसत होतं.

रांग ओसरल्यावर त्यांना बसवून घेतलं. लाडक्या बहिणीचे पैसे कुठे येतात, विचारलं. “ते पोस्टात. त्यासाठी नवीन खातं काढलं ना.” तिथेच सगळं कळलं. सबसिडी आधार क्रमांकावरून जाते आणि आधारमागे अशा पैशांसाठी एका वेळी एकच खातं जोडलेलं असतं, जे शेवटी जोडलं ते. जुन्या बँकेत आधारची झेरॉक्स दिलेली असते ती केवायसीसाठी, त्याचा या जोडणीशी संबंध नाही. दुसऱ्या दिवशी मावशी पोस्टातून उतारा घेऊन आल्या. पंधराशेच्या नोंदींमध्ये मधूनमधून तीनशेच्या नोंदी होत्या. मेसेज मुलाच्या फोनवर जायचे, आणि मावशी अंगठा लावून दर महिन्याला पंधराशेच काढायच्या. इकडे सिलेंडर आला की ८५२.५० पुरे करायला शेजारणीकडून उसने घेत होत्या.

बिलाचा आणि सबसिडीचा संबंध नाही, असं मी वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगत आले. हिशेबाने ते बरोबरच आहे. पण मावशींचा सिलेंडर तेव्हा ५५२.५० ला पडत होता, आणि तो आकडा त्यांच्या हातातल्या कुठल्याच कागदावर छापलेला नव्हता. मग त्यांनी चोर म्हणून समोर बसलेल्या माणसाला धरलं तर त्यांचं चुकलं कुठे? आणि मी तरी ते का ऐकून घ्यायचं? दोन्ही प्रश्न मला अजून सुटलेले नाहीत.

तुमचं खातं कुठलं जोडलंय ते आधारच्या साइटवर ‘बँक सीडिंग स्टेटस’मध्ये दिसतं. बदलायचं तर हव्या त्या बँकेत जाऊन आधार जोडणीचा संमतीचा फॉर्म भरावा लागतो. एजन्सीत काही होत नाही. मात्र जोडणी फिरवली की आधारवरून येणारे सगळेच पैसे नव्या खात्यात जातात. मावशींना तीनशे जुन्या बँकेत आणि पंधराशे पोस्टात हवे होते. तसं होत नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “मग राहू दे पोस्टातच, मी अठराशे काढीन.” दर महिन्याला सिलेंडर लागत नाही, म्हणून दर महिन्याला अठराशे असणार नाहीत, हे तारखा दाखवून मी त्यांना पुन्हा समजावलं.