बाईंनी खोडलेलं भाषण

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहा, असं पत्र आलं आणि मराठीच्या बाईंशिवाय दुसरं काही सुचेना.

आम्ही नववीत होतो. एप्रिलमध्ये हेडसर वर्गात येऊन एवढंच म्हणाले, "शनिवारी भाऊसाहेबांचा निरोप समारंभ. विद्यार्थ्यांतर्फे तू बोल." भाऊसाहेब म्हणजे आमच्या शाळेचे कारकून. वेळ किती, बोलायचं काय, काही नाही. मी दोन पानं लिहिली. 'जड अंतःकरण', 'चंदनासारखे झिजले', सगळं आलं. बाईंनी मधल्या सुट्टीत वाचून विचारलं, "यातलं कुठलं वाक्य गणिताच्या सरांच्या निरोपाला चालणार नाही?" मग पेन्सिलीनं जवळजवळ सगळं खोडलं आणि मला ऑफिसात बसायला पाठवलं.

तिथं एक काका दाखल्याची दुसरी प्रत घ्यायला आले होते. भाऊसाहेबांनी जनरल रजिस्टर काढलं, नोंद शोधली, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी लिहिली, काकांना मोठ्यानं वाचायला लावली आणि मगच शिक्का मारला. मुलगा शाळा सोडून गेला की रजिस्टरातली दुरुस्ती शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय होत नाही, हे मला तेव्हा कळलं. भाऊसाहेबांची स्वतःची जन्मतारीख 1 जून, म्हणजे 58 पूर्ण होऊन निवृत्ती 31 मेला, ऐन सुट्टीत. म्हणून समारंभ एप्रिलमध्ये.

बाई म्हणाल्या, "अध्यक्षांना एक ओळ पुरे. पुढचं भाऊसाहेबांकडे बघून बोल. दोन मिनिटं, आणि पेन्शनवर विनोद नको." उरलं ते असं:

"अध्यक्ष महोदय, गुरुजन आणि भाऊसाहेब, आम्हाला तुम्ही ऑफिसच्या खिडकीतूनच दिसलात. फी भरली की तुम्ही पावती आधी वाचायला लावायचात. राग यायचा. परवा एका काकांनाही तुम्ही त्यांची जन्मतारीख वाचायला लावलीत, तेव्हा कारण कळलं. पुढच्या वर्षी आम्ही दहावीचे फॉर्म भरू. आडनाव, आईचं नाव, तारीख, सगळं मोठ्यानं वाचूनच सही करू. तुमचा वाढदिवस 1 जूनला असतो आणि दरवर्षी तो प्रवेशाच्या गडबडीत जातो. यंदा तो घरी करा. नमस्कार."

टाळ्या नेहमीएवढ्याच पडल्या. भाऊसाहेबांनी मात्र कागद मागून घेतला, एक वेलांटी दुरुस्त केली आणि खिशात ठेवला.

आता बँकेत शाखाधिकारी म्हणून मला दरवर्षी कुणाच्या तरी निरोपाला बोलावं लागतं. फोन येतो तोही तसाच, फक्त प्रसंग सांगणारा. मी आधी त्या माणसाच्या टेबलापाशी जाऊन बसतो. परवा शाळेत गेलो होतो. दाखला आता संगणकातून छापून येतो, अक्षरी तारीखही आपोआप पडते. वाचायला कुणी सांगितलं नाही, याचं थोडं वाईट वाटलं.

बाई सोहळ्याला येणार आहेत म्हणे. हा लेख छापण्याआधी त्यांच्या हाती लागला, तर किती उरेल याची खात्री नाही.