तळापासून वर

बुधवार, रात्री

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी एका कार शोरूमची पूर्ण पान जाहिरात लावून द्यायची आहे, पेपरच्या कोल्हापूर आवृत्तीत. पान 33 बाय 52 सेंटीमीटर. मजकूर दुपारी व्हॉट्सअ‍ॅपवर आला: वर "1 लाखाची सूट!", त्याखाली "फक्त 9,999 चा हप्ता", मग गाडीचा फोटो, शोरूमचे तीन पत्ते, आणि कंपनीकडून आलेल्या इंग्रजी अटींचा एक भलामोठा परिच्छेद. सोबत सेल्स मॅनेजरांचा व्हॉइस मेसेज, "मॅडम, अटी खाली कुठंतरी बसवा बारीक, दिसल्या नाही तरी चालतील."

मी मात्र सुरुवात अटींपासूनच करते. आमच्या ऑफिसात नवीन पोरं आली की आधी हेडलाइन मोठी करतात, मग गाडी टाकतात, आणि उरलेल्या चार बोटं जागेत अटी कोंबतात. पण हेडलाइन थोडी लहान केली तरी ती हेडलाइनच राहते, गाडीही थोडी आत घेता येते. अटींच्या अक्षरांचं तसं नाही. एका मापाखाली ती वाचताच येत नाहीत. न आटणारी गोष्ट आधी पानावर ठेवायची आणि बाकीच्यांनी सरकून घ्यायचं.

म्हणून आज फक्त अटी मराठीत आणल्या. ते करावंच लागतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची 2022 ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की दावा ज्या भाषेत, खुलासाही त्याच भाषेत, आणि फॉन्टही तोच. मराठी हेडलाइनखाली इंग्रजी अटी चालत नाहीत. आणखी एक गोष्ट त्यात आहे, ती जास्त महत्त्वाची: खुलाशाने दावा स्पष्ट करावा, मुख्य दाव्याच्या उलट बोलू नये. वर दिशाभूल करायची आणि खाली फुली मारून दिलेल्या टिपेत ती दुरुस्त करायची, हे चालत नाही.

मराठी अटी आठ पॉइंटला लावल्या. इंग्रजी सहा पॉइंटला कशीबशी वाचता येते, देवनागरी नाही. वर वेलांट्या-मात्रा, खाली उकार, मधल्या अक्षराला उरते ती जागा थोडी. त्यात न्यूजप्रिंट, म्हणजे पेपरचा कागद, शाई पिऊन पसरवतो, मग 'घ' आणि 'ध' सारखेच दिसायला लागतात आणि 'ष'चं पोट भरून जातं. आठ पॉइंटला सगळा परिच्छेद पानाच्या तळाशी आठ सेंटीमीटर उंची खाऊन बसला.

गुरुवार

आठ सेंटीमीटर म्हणजे फार. अक्षर कमी करायचं नाही, म्हणजे मजकूर कमी करायला हवा. मग वाचत बसले की इतक्या अटी आल्या कुठून. त्या हेडलाइनमधून आल्या होत्या.

मॅनेजर साहेबांना फोन करून एक लाखाची फोड मागितली. रोख सूट 35,000. जुनी गाडी दिली तर एक्स्चेंज बोनस 40,000. ठरावीक कंपन्यांच्या आणि सरकारी नोकरदारांना 10,000. अ‍ॅक्सेसरीज 15,000 च्या, त्याही छापील किमतीने. बेरीज बरोबर एक लाख. पण हा लाख मिळणार कोणाला? ज्याची जुनी गाडी आहे, जो त्या यादीतल्या नोकरीत आहे आणि ज्याला सीट कव्हर-मॅटिंग शोरूमचंच घ्यायचं आहे, त्यालाच. पहिलीच गाडी घेणाऱ्या किराणा दुकानदाराच्या हातात 35,000 आणि अ‍ॅक्सेसरीज. अटींतल्या निम्म्या ओळी याच दुकानदाराला "तुला नाही" हे सांगण्यासाठी होत्या.

साहेब म्हणाले, "मग 'पर्यंत' टाका की. सगळेच टाकतात."

टाकतात, आणि हेडलाइनच्या दहाव्या हिश्शाएवढ्या अक्षरात टाकतात. मी दोन कच्चे आराखडे पाठवले. पहिल्यात "1 लाखापर्यंत लाभ", आणि 'पर्यंत' आकड्याच्याच मापात. ते बघितल्यावर त्यांना हेडलाइन पडेल वाटायला लागली, आणि खरंच पडेल होती. पूर्ण मापातला 'पर्यंत' मोठ्या आकड्याची हवा काढून घेतो. दुसऱ्यात वर लिहिलं: "दसऱ्याला गाडी दारात, 35,000 खिशात." खाली एक ओळ: "या मॉडेलच्या प्रत्येक गाडीवर रोख सूट. जुनी गाडी दिलीत तर आणखी 40,000." नोकरदारांची सवलत आणि अ‍ॅक्सेसरीज एका छोट्या चौकटीत, आकड्यासमोर "कोणाला" असा रकाना करून.

दुसऱ्या आराखड्यात अटींचे कितीतरी खुलासे आपोआप गळाले, कारण ज्याचा खुलासा करायचा तो दावाच वर नव्हता. आठाचे पाच सेंटीमीटर झाले.

हप्त्यावर जरा वाजलं. 9,999 साठी पिवळा स्फोट-आकार हवा होता त्यांना. मी विचारलं, किती कर्जावर? तेव्हा कळलं, सात वर्षं, 9 टक्के. त्या दराने लाखाला साधारण 1,609 हप्ता बसतो, म्हणजे 9,999 ला कर्ज सव्वासहा लाखांच्या आत. गाडी रस्त्यावर येते दहा लाखांच्या आसपास. मग पावणेचार लाख आधी भरायचे, आणि ते वाक्य कुठेच नव्हतं. मी म्हटलं, हप्ता ठेवू, पण कर्जाची रक्कम, मुदत आणि व्याजदर हप्त्याच्या लगेच खाली, स्फोटाच्या आतच. तिन्ही गोष्टी आत घातल्यावर तो स्फोट न राहता तक्ता झाला. संध्याकाळी त्यांनी स्वतःच हप्ता काढून टाकायला सांगितला. बँकेच्या टेबलावर बोलू म्हणाले.

शुक्रवार

आज गाडी. कार आडवी आणि पान उभं, सगळी कुस्ती तिथेच. पाऊण बाजूने घेतलेला फोटो कडेपासून कडेपर्यंत ताणला तरी उंची भरते चौदा-पंधरा सेंटीमीटर. बावन्नपैकी पंधरा. उरलेलं पान भरायला मग लोक गाडीमागे राजवाडा, डोंगर, फटाके आणि सोन्याची पानं घालतात. मी गाडीच्या वर मोकळी जागा सोडली आणि हेडलाइन त्या जागेत बसवली. देवनागरी हेडलाइनला ओळीत अंतर जास्त लागतंच. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला टेकला की शंभर पॉइंटचं अक्षरही कोंदट दिसतं.

फोटोवरून दोन अडचणी आल्या. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो 1,600 पिक्सेल रुंद होता. वर्तमानपत्राला इंचाला 200 पिक्सेल लागतात, म्हणजे 33 सेंटीमीटरला सुमारे 2,600. कंपनीच्या पोर्टलवरून मोठी फाइल मागवली. त्यात गाडीचं तोंड डावीकडे. साहेबांना ते उजवीकडे, पत्त्याच्या दिशेला हवं होतं. "आरसा करा ना, दोन सेकंदांचं काम." आरसा केला की स्टिअरिंग डावीकडे जातं आणि गाडीवरचं नाव उलटं होतं. गाड्या घेणारा माणूस हे पहिल्या नजरेत पकडतो. मग गाडी होती तशीच ठेवली आणि सवलतींची चौकट डावीकडे नेली, गाडी जिकडे बघते तिकडे.

रंगही बदलायला लावला. त्यांना पांढरी हवी होती, सगळ्यात जास्त खपते म्हणून. पण न्यूजप्रिंट मुळात मळकट राखाडी. पांढरी गाडी म्हणजे तिथे शाईच नाही, म्हणजे कागदाचाच रंग. मागे निळसर छटा घालून ती उठवता आली असती, पण मग मोकळं पान गेलं. लाल घेतली. अटींत ओळ वाढली: चित्रातली गाडी कोणत्या व्हेरिएंटची आहे आणि चित्रातली अलॉय व्हील सुरुवातीच्या किमतीत नाहीत. ही ओळ मी तळातून काढून गाडीच्या चाकाखालीच लावली. डोळा जिथे फसणार, तिथेच ती दिसायला हवी.

शनिवार, पान सोडल्यावर

पान संध्याकाळपर्यंत पोचवायचं होतं, दुपारी तीनला साहेबांनी शेवटचा बदल सांगितला: तळाची पट्टी कंपनीच्या गडद निळ्या रंगात, त्यात अटी पांढऱ्या अक्षरात. "क्लासी दिसेल." स्क्रीनवर दिसतं, खरं आहे. छपाईत तो गडद निळा तीन-चार शाया एकावर एक पडून बनतो. वेगात पळणाऱ्या कागदावर त्या केसभर सरकतात, आणि आठ पॉइंटच्या देवनागरी रेघेची जाडीच केसभर असते. मधला पांढरा धागा कुठे निळ्याने, कुठे लालसर शाईने बुजतो. अटी साध्या कागदावर, फक्त काळ्या शाईत ठेवल्या. निळी पट्टी पत्त्यांना दिली, तिथे अक्षर जाड आणि मोठं आहे.

अटी एकतीस सेंटीमीटरच्या लांब ओळींत होत्या, त्या दहा-दहाच्या तीन रकान्यांत तोडल्या. लांब ओळ संपवून नजर परत येते ती चुकीच्या ओळीवर. वाचू नये म्हणून लावलेल्या अटी नेमक्या अशाच असतात, एका सरळ रेषेत, कडेपासून कडेपर्यंत.

बरोबर मध्यावर, 26 सेंटीमीटरवर, पेपरची घडी येते. तिथे 35,000 चा आकडा येत होता, तो दोन सेंटीमीटर वर घेतला. घडीवर शाई घासली जाते आणि शून्य पुसट झालं तर सूट साडेतीन हजारांची होते. मग एकाच जागी पडणाऱ्या चारही शायांच्या टक्क्यांची बेरीज 240 च्या आत आणली (गाडीच्या टायरमध्ये 310 होती, सुकली नसती आणि समोरच्या पानावर छाप उमटला असता), छापखान्यात फॉन्ट बदलू नये म्हणून सगळी अक्षरं कर्व्ह केली, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार केले, आणि पीडीएफ पाठवली. पोच आली आठ वाजून गेल्यावर.

रविवार

लाल थोडा विटकरी आलाय, अपेक्षित होतं. अटी चष्म्याशिवाय वाचता आल्या, माझ्या आईला. सातव्या पानावर दुसऱ्या शोरूमची अर्धं पान जाहिरात आहे, "1.5 लाख" एवढं मोठं की 'पर्यंत' शोधायला मला दोनदा बघावं लागलं.

दुपारी साहेबांचा फोन. मला वाटलं, त्याच आकड्याबद्दल बोलतील. पण ते वेगळ्याच गोष्टीवर होते. लोक पान घडी घालून घेऊन येतायत आणि चौकटीवर बोट ठेवून विचारतायत की जुनी गाडी वडिलांच्या नावावर आहे, चालेल का. चालते. घरातल्या माणसाच्या नावावरची गाडी एक्स्चेंजला धरतात, फक्त नात्याचा पुरावा लागतो. हे अटींच्या दुसऱ्या रकान्यात लिहिलेलं आहे, पण तिथपर्यंत कोणी गेलं नाही, आणि जे घरीच थांबले ते किती हे कळायला मार्ग नाही.

"दिवाळीच्या पानात हे वर घ्या मॅडम, चौकटीत," साहेब म्हणाले.

घेते. "जुनी गाडी आई-वडील, पती-पत्नी कोणाच्याही नावावर असली तरी 40,000", चौदा पॉइंट, एक्स्चेंजच्या आकड्याला लागून. "कोणाच्याही" मध्ये भाऊ येतो का, ते उद्या कंपनीकडून लेखी मागवायचं.