साखर ३१, आणि पेशंट गप्पा मारतोय

संध्याकाळी साडेपाचला माझ्या स्क्रीनवर एक रिपोर्ट अडकून आला. ग्लुकोज ३१. इतका खालचा आकडा मशीन आपणहून सोडत नाही, डॉक्टरने बघून मंजूर करावा लागतो. मी बघितला, लाल झाकणाची साधी ट्यूब होती, वॉर्डातून उशिरा आली होती. शेरा लिहिला, ‘सॅम्पल पुन्हा पाठवा’, आणि पुढच्या रिपोर्टकडे वळले.

हे मी का केलं ते बायोकेमिस्ट्रीबाहेरच्यांना सांगायला हवं. रक्त ट्यूबमध्ये काढलं म्हणून मरत नाही. त्यातल्या पेशी साखर खातच राहतात. सीरम वेगळं केलं नाही तर साध्या ट्यूबमधली साखर दर तासाला साधारण ५ ते ७ टक्क्यांनी उतरते. ल्युकेमियात पांढऱ्या पेशी लाखाच्या वर गेल्या की ती इतकी झपाट्याने उतरते की धडधाकट माणसाची साखर कागदावर २० दिसते. करड्या झाकणाच्या ट्यूबमध्ये फ्लोराइड असतं ते हे खाणं थांबवण्यासाठी, पण तेही लगेच थांबवत नाही. पेशी पायरी-पायरीने साखर फोडतात ते ग्लायकोलिसिस; फ्लोराइड त्याच्या शेवटाजवळच्या इनोलेज या एंझाइमला धरतं, त्यामुळे वरच्या पायऱ्यांवर साखर तास-दोन तास आत ओढली जातच राहते. म्हणून आम्ही खालची साखर दिसली की आधी ट्यूबवर संशय घेतो. संशय घेणं बरोबर होतं. हिशेब मात्र मी केला नाही. त्या पेशंटच्या पांढऱ्या पेशी ११,४०० होत्या, म्हणजे जवळपास नेहमीच्याच. ट्यूब तीन तास पडून राहिली असं धरलं तरी मूळ साखर ४० च्या वर जात नव्हती. हे गणित तोंडी होण्यासारखं आहे.

आठच्या सुमारास आयसीयूतून रेसिडेंटचा फोन आला. आवाज चढलेला.

“मॅडम, तुमच्या मशीनचं काहीतरी बिघडलंय. आता करड्या ट्यूबमध्ये, बर्फावर ठेवून पाठवलं तरी २८ येतंय. ग्लुकोमीटर ३३ दाखवतोय. आणि पेशंट बायकोशी छाटणीला माणसं किती लागतील ते बोलतोय!”

मी वर गेले. आमच्या शाखेची माणसं सहसा वर जात नाहीत, आणि वरची माणसं आम्हाला बोलावत नाहीत. दोन्ही चूक आहे असं माझं ठाम मत आहे.

पेशंट एकेचाळीस वर्षांचा, द्राक्षबागायतदार. तीन आठवड्यांत पोट फुगलेलं, वजन उतरलेलं. श्वास खोल आणि भरभर चाललेला, मिनिटाला चौतीस. पण हात गरम, रक्तदाब १२६/७८, ऑक्सिजन ९८ टक्के. ब्लड गॅस बघितला, रक्त आम्लाकडे झुकलेलं: पीएच ७.२१, बायकार्बोनेट ९, लॅक्टेट १५.८. साखर ऑक्सिजनशिवाय फोडली की लॅक्टेट उरतं, निरोगी माणसात ते २ च्या आत असतं.

लॅक्टेट वाढलं की आपल्याकडे एकच वाक्य पाठ असतं, ऊतींना ऑक्सिजन पोचत नाही. मग सेप्सिस, मग सलाईन. दुपारपासून तीन लिटर आत गेलं होतं आणि फुप्फुसांच्या तळाशी पाणी वाजायला लागलं होतं. दुसरी शंका आतडं सडल्याची होती. सर्जन येऊन उभे होते, थिएटर कळवलेलं होतं. सीटीत आतड्याच्या रक्तवाहिन्या मोकळ्या दिसत असूनही पोट उघडण्याची तयारी चालली होती, कारण १५.८ चं दुसरं स्पष्टीकरण कोणाकडेच नव्हतं.

मी हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत घातलेल्या सेंट्रल लाइनमधून ब्लड गॅस काढायला सांगितला. शरीराला ऑक्सिजन देऊन परतणाऱ्या त्या रक्तात ७८ टक्के ऑक्सिजन शिल्लक होता. तुटवडा असता तर ऊतींनी तो ओरबाडून घेतला असता आणि आकडा बराच खाली दिसला असता. म्हणजे ऑक्सिजन पोचत होता, तरी कोणीतरी साखरेचं लॅक्टेट करत सुटलं होतं.

तेव्हा मला सकाळच्या शीटवरचा एलडीएच आठवला. ५,९००. रक्ताच्या पेशी फुटल्या तरी एलडीएच वाढतो, म्हणून त्यावर ‘हिमोलाइज्ड असू शकते’ असा छापील शेरा होता आणि कोणी तो वाचला नव्हता. मीही नाही. एलडीएच म्हणजे लॅक्टेट डिहायड्रोजिनेज, साखर फुटून झालेल्या पायरुवेटचं लॅक्टेट करणारं एंझाइम. साखर, लॅक्टेट आणि त्यांच्या मधलं हत्यार. तीन आकडे तीन मशीनवरून, तीन वेळांना, तीन कागदांवर आले होते. एकत्र ठेवले असते तर साडेपाचलाच कळलं असतं की ही कॅन्सरची गाठ आहे, आणि ती भराभर वाढतेय.

पोटातलं पाणी काढलं. पॅथॉलॉजीच्या सहकारी घरून परत आल्या (त्यांचे उपकार मी विसरणार नाही). स्लाइडवर एकसारख्या मोठ्या पेशी, गडद निळं सायटोप्लाझम आणि त्यात टोचल्यासारखी पांढरी भोकं. “बर्किट वाटतोय,” त्या म्हणाल्या. बर्किट लिंफोमा, माणसात सर्वांत वेगाने वाढणाऱ्या कॅन्सरांपैकी एक. सर्जननी ग्लोव्हज काढले आणि थिएटर रद्द केलं. ऑपरेशनची तयारी झाल्यावर मागे फिरायला धाडस लागतं, ते त्यांनी दाखवलं.

ऑटो वारबुर्गने १९२० च्या दशकात बर्लिनमध्ये पाहिलं ते हेच. गाठीचे पातळ काप वायूचा दाब मोजणाऱ्या मॅनोमीटरमध्ये ठेवले, भरपूर ऑक्सिजन दिला, तरी ते साखर फोडून लॅक्टिक आम्ल करत राहिले. एका ग्लुकोजमागे असं करून एटीपीचे, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या चलनाचे, दोनच रेणू मिळतात. मायटोकॉन्ड्रिया या पेशीच्या भट्टीत पूर्ण जाळलं तर तीसेक मिळतात. मायटोकॉन्ड्रिया बिघडल्याने असं होतं, असं त्याने मानलं आणि शेवटपर्यंत सोडलं नाही. बहुतेक कॅन्सरांत ते बिघडलेले नसतात. त्यांच्याकडे जाणारा दरवाजा लोटलेला असतो.

तो कोण लोटतो याचं एक उत्तर एचआयएफ या प्रथिनात आहे. पेशी ते सतत बनवते आणि सतत मोडते. मोडण्यासाठी त्याच्यावरच्या दोन प्रोलीनवर खूण करावी लागते, आणि ती खूण करणारं एंझाइम ऑक्सिजनचा रेणूच वापरतं. खूण झाली की व्हीएचएल नावाचं प्रथिन त्याला पकडून कचऱ्यात धाडतं, काही मिनिटांत. ऑक्सिजन संपला की खूण थांबते, एचआयएफ साचतो, केंद्रकात जातो आणि पेशीचा सगळा कारभार फिरवतो. साखर आत आणणारी दारं वाढवतो, एलडीएच वाढवतो, आणि पीडीके-१ नावाचं एंझाइम वाढवतो. पायरुवेटला मायटोकॉन्ड्रियातल्या जाळण्याच्या चक्राकडे नेणाऱ्या एंझाइमला हे पीडीके-१ कुलूप लावतं. पायरुवेट बाहेर अडकतं आणि लॅक्टेट होऊन निघून जातं. केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चं नोबेल मिळालं ते पेशीला ऑक्सिजनची जाणीव कशी होते हे उलगडल्याबद्दल.

गाठीच्या गाभ्यात, रक्तवाहिनीपासून दूर, हे सगळं जसंच्या तसं लागू पडतं. माझा प्रश्न पोटातल्या पाण्यात तरंगणाऱ्या पेशींचा होता.

रात्री एकच्या सुमारास रिपोर्ट देऊन उरलेलं पाच मिलिलिटर पाणी मी घेतलं. रिपोर्टशी याचा संबंध नव्हता, मला स्वतःला बघायचं होतं. त्यात थोडं ग्लुकोज घालून ते १०० वर आणलं, झाकण उघडं ठेवलं, ३७ अंशांवर तासभर हलवत ठेवलं. टेक्निशियन शेजारी उभे राहून वेळ बघत होते. तासाने ग्लुकोज ६२. लॅक्टेट १२.४ वरून १६.३. आता हिशेब: डेसिलिटरमागे ३८ मिलिग्रॅम ग्लुकोज म्हणजे लिटरमागे २.१ मिलिमोल. एका ग्लुकोजची दोन लॅक्टेट होतात, म्हणजे सगळंच्या सगळं लॅक्टेट झालं तर ४.२ ने वाढायला हवं. वाढलं ३.९ ने. उघड्या हवेत, हलत्या ट्यूबमध्ये, जवळजवळ सगळी साखर ऑक्सिजनला न शिवता बाहेर आली. एका ट्यूबचं, कंट्रोलशिवायचं काम आहे, छापण्याजोगं नाही. पण ते आकडे वहीत लिहिताना माझा हात थरथरत होता.

तिथे ऑक्सिजन होता, म्हणजे एचआयएफ मिनिटांत मोडायला हवा होता. मग? किडनीच्या क्लिअर सेल कॅन्सरमध्ये उत्तर सोपं असतं: व्हीएचएलच तुटलेलं असतं, खूण झाली तरी पकडणारा नाही. बर्किटमध्ये तसं नसतं. तिथे मिक हे जनुक आपल्या जागेवरून उचलून भलत्याच स्विचखाली बसलेलं असतं आणि कायम चालू राहतं. मिक स्वतःच एलडीएच आणि साखरेची दारं वाढवतं, ऑक्सिजनला न विचारता. जिथे ऑक्सिजन कमी तिथे एचआयएफ त्याच्या जोडीला येतो, आणि दोघे मिळून पीडीके-१ चं कुलूप आणखी घट्ट करतात. शिवाय वाढीचे संदेश जोरात असले की एचआयएफ मोडण्यापेक्षा वेगाने बनूही शकतो. माझ्या ट्यूबमध्ये कोणाचा वाटा किती होता, हे त्या दोन आकड्यांवरून ठरवता येत नाही. एचआयएफ मोजायची सोय आमच्या लॅबमध्ये नाही.

वर आयसीयूत आणखी एक गोष्ट उलगडली. साखर ३० असताना तो शुद्धीत होता, कारण मेंदू लॅक्टेट जाळू शकतो आणि ते रक्तात मुबलक होतं. डेक्स्ट्रोज, म्हणजे शिरेतून ग्लुकोज, दिलं की साखर ९६ वर जायची, दोन तासांत ४४ वर यायची, आणि लॅक्टेट १७.९. आम्ही गाठीला जेवू घालत होतो. तरीही थांबवता येत नव्हतं. शेवटी तासाला वीस ग्रॅम ग्लुकोज लागायला लागलं. त्याच्या वजनाच्या उपाशी माणसाचं सगळं शरीर सहा-सात ग्रॅमवर चालतं. एरवी यकृत लॅक्टेट गोळा करून पुन्हा साखर बनवतं. इथे यकृतातही लिंफोमा उतरला होता. पायरुवेटच्या त्या दरवाजाच्या एंझाइमला थायमिन हे जीवनसत्त्व लागतं, म्हणून मी थायमिन सुचवलं. दिलं. लॅक्टेट हललं नाही.

सकाळी सातला हिमॅटॉलॉजिस्टनी पक्क्या रिपोर्टची वाट न बघता डेक्सामेथासोन आणि सायक्लोफॉस्फामाइड ही लिंफोमाच्या पेशी मारणारी औषधं सुरू केली. तीस तासांत लॅक्टेट ५.२ वर आलं आणि डेक्स्ट्रोज चालू असल्याने साखर २१० झाली. सलाईन, बायकार्बोनेट, अँटिबायोटिक यांनी जे झालं नाही ते पेशी मरायला लागल्यावर झालं.

नवव्या दिवशी त्याच्या पांढऱ्या पेशी संपल्या, ताप चढला, आणि बाराव्या दिवशी तो गेला. संध्याकाळच्या त्या अडीच तासांनी फरक पडला नसता असं हिमॅटॉलॉजिस्ट म्हणतात. अशा पेशंटांचं एरवीही कठीणच असतं हे मला माहीत आहे. पण त्या अडीच तासांत आणखी एक लिटर सलाईन गेलं होतं.

आता आमच्याकडे साखर ५० च्या खाली आली की तंत्रज्ञाने त्याच पेशंटचा लॅक्टेट, एलडीएच आणि पांढऱ्या पेशी शेजारी मांडून मला दाखवायच्या, आणि ‘पुन्हा पाठवा’ लिहिण्याआधी मी वॉर्डात फोन करायचा, असं ठरवलंय. सॉफ्टवेअरमध्ये हे बसवून द्या म्हणून तीनदा लिहून दिलं, झालेलं नाही. तोपर्यंत टेक्निशियन ते हातानेच एका कागदावर लिहून आणतात.