३१० साखर आणि नॉर्मल आलेला आयजीएफ-१

ऑगस्टमधला सोमवार होता. नाशिकरोडच्या माझ्या ओपीडीत सोमवारी मधुमेहाचे पेशंट जास्त असतात. निफाड तालुक्यातले एक द्राक्ष बागायतदार, अण्णा, आले होते, वय ४६. सोबत बायको आणि पुतण्या. पुतण्याच्या हातात फाईल होती आणि ती त्याने अगदी तारखेवार लावलेली होती. कारण साधंच सांगितलं: साखर आटोक्यात येत नाही, गोळ्या वाढवून वाढवून थकलो.

फाईल उघडण्याआधी मी त्यांचा हात बघितला. बीपी घ्यायला बाही वर सरकवली तेव्हा पट्टा जेमतेम बसला, आणि तळहात माझ्या हातात मावेना. बोटं जाडजूड, कातडी दमट आणि कणकेसारखी मऊ. उजव्या अनामिकेवर एक आडवा व्रण होता. "अंगठी निघेना म्हणून सराफाकडून कापून घेतली," बायको म्हणाली. "आता चपलाही आठ नंबरच्या होत नाहीत, दहा लागतो." चाळिशीनंतर कुणाचा पाय दोन नंबरांनी वाढत नसतो.

मग मी विचारत गेले आणि ते सांगत गेले. घोरणं इतकं की बायको दुसऱ्या खोलीत झोपते. घाम थंडीतही येतो. छाटणीची कात्री धरली की पाच-दहा मिनिटांत बोटं बधिर होतात, त्यासाठी मनगटाचं ऑपरेशन सुचवून झालेलं होतं. आवाज जाड झालाय, फोनवर व्यापारी ओळखत नाहीत. मी त्यांचं ड्रायव्हिंग लायसन्स मागितलं. फोटो बारा-तेरा वर्षांपूर्वीचा. फोटोतल्या माणसाची हनुवटी साधी होती, समोरच्या माणसाची पुढे आलेली. भुवयांवरचं हाड उठून दिसत होतं, खालच्या दातांत फटी पडल्या होत्या. अशा वेळी जुना फोटो बघणं ही चैन नाही, तपासणीचाच भाग आहे. रोज बघणाऱ्या घरच्यांना हे बदल दिसत नाहीत, इतके ते हळू होतात.

अ‍ॅक्रोमेगाली. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीत छोटी गाठ होते, ती ग्रोथ हार्मोन सोडत राहते, आणि उंची वाढायचं वय उलटून गेल्यामुळे माणूस उंच न होता जाड, रुंद होत जातो. ग्रोथ हार्मोन इन्शुलिनच्या विरुद्ध काम करतं, म्हणून साखरही वाढते.

मी हे बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात पुतण्याने फाईलमधलं एक पान पुढे केलं. "मॅडम, ती शंका दुसऱ्या एका डॉक्टरांना आली होती. टेस्ट केली. नॉर्मल आहे."

पानावर आयजीएफ-१ होता १९१. त्या लॅबची त्या वयाची मर्यादा ७० ते २१०. खाली पेनाने लिहिलेलं: अ‍ॅक्रोमेगाली नाही.

शंका येणं हेच मोठं होतं, कारण या आजाराची ओळख पटायला कित्येक वर्षं जातात. आणि टेस्टही योग्यच निवडली होती. ग्रोथ हार्मोन थेट मोजायला गेलं तर ते दिवसभर झटक्याझटक्याने सुटतं, गाढ झोपेत सर्वात जास्त, आणि रक्तात वीसेक मिनिटांत निम्मं होतं. सकाळी दहाला काढलेल्या एका नमुन्यावरून काही कळत नाही. पण ग्रोथ हार्मोन यकृताला आयजीएफ-१ बनवायला लावतं, आणि तो प्रथिनांना बांधलेला असल्यामुळे रक्तात बराच वेळ टिकतो. त्यामुळे त्याचा आकडा दिवसभर साधारण एकसारखा राहतो. उपाशी असायचीही गरज नाही. चाळणी म्हणून हीच टेस्ट पहिली.

पण मी त्याच फाईलमध्ये दोन पानं मागे गेले. त्याच दिवशी, त्याच नमुन्याबरोबर काढलेली उपाशीपोटीची साखर ३१०, आणि गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारा एचबीए१सी १२.४. आणि वजनाची नोंद: चार महिन्यांत सात किलो उतरलेलं.

इथेच सगळी गोम होती. यकृताने ग्रोथ हार्मोनचा हुकूम ऐकावा यासाठी त्याच्या पेशींवर ग्रोथ हार्मोनचे रिसेप्टर असावे लागतात, आणि ते पुरेसे राहण्यासाठी स्वादुपिंडातून थेट यकृताकडे येणारं इन्शुलिन लागतं. मधुमेह इतका बेताल झाला की स्वादुपिंड थकलेलं असतं, ते इन्शुलिन तोकडं पडतं. मग यकृत बहिरं होतं. वरून ग्रोथ हार्मोन कितीही ओतलं तरी आयजीएफ-१ त्या प्रमाणात बनत नाही. अंगाला अन्न लागत नसलं तरी हेच होतं, आणि सात किलो उतरलेल्या माणसाच्या बाबतीत तेही धरायला हवं. थायरॉइड कमी पडणं, यकृताचा आजार, बायकांमध्ये तोंडाने घेतलेल्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या, यांनीही आकडा खाली येतो. यांचं थायरॉइड आणि यकृत ठीक होतं, ते मी लगेच बघून घेतलं.

म्हणजे बारापर्यंत एचबीए१सी गेलेल्या माणसाचा आकडा मर्यादेच्या तळाशी असता तर मला नवल वाटलं नसतं. इथे तो वरच्या टोकाला टेकला होता. मला तोच खटकला.

"म्हणजे रिपोर्ट चुकीचा?" पुतण्या म्हणाला.

"रिपोर्ट बरोबर आहे. त्या दिवशी रक्तात १९१ च होता. पण त्यावरून गाठ नाही असं म्हणता येत नाही."

पुतण्याला हे पटलं नाही, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. त्याने मोबाइलवर वाचलं होतं की ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून ग्रोथ हार्मोन मोजतात, निरोगी माणसात ते दबतं, गाठ असेल तर दबत नाही. वाचलेलं खरं होतं. मग आजच ती करू या, असं त्याचं म्हणणं. पण ज्याची उपाशीपोटीची साखर तीनशेच्या वर आहे त्याला ग्लुकोज पाजायचं नसतं, आणि पाजलं तरी उत्तर भरवशाचं येत नाही. बेताल मधुमेहात ग्रोथ हार्मोन तसंही चढलेलं असतं, कारण आयजीएफ-१ कमी झाला की पिट्युटरीवरचा लगाम सुटतो. एमआरआय लगेच करावा का, हा प्रश्न मी माझ्याशीच घोळवला. रक्तात पुरावा नसताना पिट्युटरीचा एमआरआय केला की त्यात कधीकधी निरुपद्रवी ठिपका सापडतो, आणि मग त्याच्याच मागे धावावं लागतं. नजर मी तपासली होती, दोन्ही बाजूंचं नीट दिसत होतं. डोकेदुखी नव्हती. थांबायला जागा होती.

ठरलं ते असं: आधी इन्शुलिन, मग पुन्हा तोच आयजीएफ-१.

गोळ्यांपैकी मेटफॉर्मिन ठेवलं आणि दिवसाला चार वेळा इन्शुलिन सुरू केलं. अण्णांनी सुईला नाक मुरडलं, पण त्यांच्या बायकोने, वहिनींनी, पहिल्याच आठवड्यात सगळं शिकून घेतलं आणि साखरेची वही अशी ठेवली की आमच्या सिस्टरने कौतुक करावं. डोस वाढवत वाढवत दिवसाला ९० युनिटपर्यंत गेला. एकाहत्तर किलोच्या, पोट न सुटलेल्या माणसाला एवढं इन्शुलिन लागावं, यानेही माझा संशय घट्ट होत होता. सहाव्या आठवड्यापर्यंत उपाशीपोटीची साखर १२० च्या आसपास स्थिरावली आणि वजन तीन किलो भरून आलं.

मधे एक प्रसंग झाला. पुतण्याला दुसऱ्या लॅबचं स्वस्तातलं पॅकेज मिळालं, त्यात हीच टेस्ट होती. मी चक्क नाही म्हटलं. रक्तातला आयजीएफ-१ जवळजवळ सगळा प्रथिनांना चिकटलेला असतो. मोजायच्या आधी तो सोडवावा लागतो, आणि प्रत्येक कंपनीच्या किटची ही सोडवायची रीत वेगळी, वयाच्या मर्यादाही वेगळ्या. एकाच नळीतलं रक्त दोन मशीनवर लावलं तर दोन वेगळे आकडे येऊ शकतात. मला आकडा बदलला की नाही हे बघायचं होतं, मशीन बदललेलं नको होतं. नमुना पुन्हा त्याच लॅबच्या नाशिकच्या केंद्रावर दिला, तिथून तो मुंबईला गेला.

आठव्या आठवड्यात रिपोर्ट आला. ४६८.

तीच लॅब, तीच पद्धत, तीच मर्यादा. २१० च्या दुपटीपेक्षा जास्त. गाठ या दोन महिन्यांत वाढलेली नव्हती, ती आधीपासून तेवढीच काम करत होती. फक्त यकृताला पुन्हा ऐकू यायला लागलं होतं. एवढी ठळक लक्षणं आणि मर्यादेच्या १.३ पटीहून वर गेलेला आकडा एकत्र आला की निदानाला सहसा ग्लुकोज पाजायची गरज उरत नाही. मी ती टेस्ट केलीच नाही, सरळ एमआरआय सांगितला. पिट्युटरीत उजव्या बाजूला १४ मिलिमीटरची गाठ, डोळ्यांच्या नसांपासून अंतर राखून.

मुंबईच्या सर्जनांनी नाकावाटे ऑपरेशन सांगितलं. अण्णा ऑक्टोबरच्या गोडी छाटणीत होते. "छाटणी, पेस्ट, फुटवे निघाले की जातो, मॅडम. त्याआधी बाग सोडून जाता येणार नाही." मी सर्जनांशी बोलले. नजर शाबूत आहे आणि साखर ताब्यात आहे तोवर काही आठवडे चालतील, असं ठरलं. डिसेंबरात ऑपरेशन झालं.

हॉस्पिटलमध्ये असतानाच इन्शुलिन झपाट्याने उतरवावं लागलं, नाहीतर साखर खाली घसरत होती. घरी आले तेव्हा दिवसाला २२ युनिट, फेब्रुवारीत फक्त गोळ्या. आयजीएफ-१ मात्र मी लगेच काढू दिला नाही. ऑपरेशननंतर तो खाली यायला वेळ घेतो, म्हणून बारा आठवडे थांबायचं असतं. मार्चमध्ये काढला: १६८, एचबीए१सी ६.७. यावेळचा नॉर्मल मी मान्य केला. दहा नंबरची चप्पल आणि हनुवटी आता तशीच राहणार, हाड मागे जात नाही, हे मी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. पण बोटांची सूज उतरली, घाम थांबला, आणि मनगटाचं ऑपरेशन बारगळलं. वहिनी आपल्या खोलीत परत आल्या.

गाठ पुन्हा वाढू शकते, म्हणून टेस्ट दरवर्षी करायची आहे. पुतण्याने ते काम स्वतःकडे घेतलंय. परवा त्याचा फोन आला: "मॅडम, एचबीए१सी साडेसहा आलाय. आता आयजीएफ काढायला हरकत नाही ना? त्याच लॅबला देतो."