उपाशी का ठेवलंय?

"डॉक्टर, पोटात एवढं दुखतंय, वर तुम्ही पाणीपण देऊ देत नाही, उपाशी ठेवून माणूस बरा होतो का?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मागे एक यंत्रमाग कामगार आले होते, लग्नाचं जेवण झालं आणि रात्रीपासून पोट धरून बसलेले. घरच्यांनी ॲसिडिटी समजून चार दिवस गोळ्या-सोडा दिला. आले तेव्हा कॉटवर आडवे होईनात, गुडघ्यावर उशी घेऊन पुढं वाकून बसलेले, कळ वरच्या पोटातून थेट पाठीत. हे वाकून बसणं बघितलं की मला आधी स्वादुपिंडाची सूजच आठवते, कारण स्वादुपिंड जठराच्या मागं, पाठीच्या कण्याला लागून असतं आणि नसांचं जाळं अगदी शेजारीच. त्याचे पाचकरस एरवी आतड्यात पोचल्यावर जागे होतात, इथं ते ग्रंथीतच जागे होऊन तिलाच आणि आजूबाजूच्या चरबीला पचवायला लागतात. मग सोडा पिऊन काय होणार, दुखणं ॲसिडचं नाहीच.

अमायलेज आणि लायपेज हे स्वादुपिंडाचेच पाचकरस, रक्तात किती वाढलेत ते तपासतात. त्यांचा अमायलेज आला 140, लॅबची वरची मर्यादा 100, म्हणजे फारसं काही नाही असं वाटेल. पण लायपेज 1100, मर्यादा 60! अमायलेज तीन-पाच दिवसांत उतरतो, लायपेज आठवडाभर किंवा जास्तही वर राहतो, म्हणून उशिरा आलेल्या पेशंटमध्ये नुसत्या अमायलेजवर विसंबलं तर फसगत होते. दोन्हींपैकी एक जरी मर्यादेच्या तिप्पट किंवा जास्त आणि सोबत असं दुखणं, एवढ्यावर निदान होतं. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले, म्हणजे कारणही मिळालं. त्यांचा मुलगा रोज विचारायचा, "आज लायपेज किती?" अहो, आकडा मोठा म्हणजे आजार मोठा असं नसतं, रोज तपासून पैसे घालवू नका, लघवी किती होतेय, धाप लागतेय का, ते बघा.

आता उपाशी ठेवण्याचं. अन्न, त्यातही तेल-तूप, आतड्यात उतरलं की स्वादुपिंडाला रस सोडायचा निरोप जातो, म्हणून तोंड बंद ठेवून त्याला विश्रांती द्यायची, हा जुना हिशोब, आम्हीही तसंच शिकलो आणि पूर्वी आठवडाभरसुद्धा उपाशी ठेवायचे. पण आतडं रिकामं राहिलं की त्याचं अस्तर कमजोर होतं आणि आतले जंतू सुजलेल्या ग्रंथीपर्यंत पोचू शकतात, हे नंतर कळलं. त्यामुळं आता उलट्या चालू आहेत, पोट फुगलंय तोवरच तोंड बंद, तहान भागवायला सलाईन, दुखण्यावर इंजेक्शन. मुलगा शहाळं लपवून घेऊन आला होता, दोन घोट प्यायले आणि लगेच उलटी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मात्र तेच म्हणाले, "भूक लागलीय." थोडं दुखत होतं तरी मऊ भात आणि बिनफोडणीचं वरण दिलं, लायपेज उतरायची वाट बघितली नाही. राहिलं पोटात. शेंगाचटणी आणि भाकरी मागत होते, ती नाही दिली, तेल फार. खडे राहिले तर परत हेच होतं, म्हणून घरी सोडायच्या आधीच पित्ताशयाचं ऑपरेशन उरकून घेतलं.