स्टिल्टवरचं घर आणि आगंतुक मजला : आमची वाटचाल

प्लॅनवरून थ्रीडी व्ह्यू करून देणं हा आमचा मूळ धंदा. सांगलीत विश्रामबागेत छोटं ऑफिस आहे, आणि गिऱ्हाईक म्हणजे आसपासचे इंजिनिअर, बिल्डर, क्वचित थेट घरमालक. २०१९ च्या महापुरानंतर नदीकाठच्या भागातून स्टिल्टची कामं जास्त येऊ लागली: खाली नुसते कॉलम, राहणं वरच्या दोन मजल्यांवर. पुढे सुरुवातीचे व्ह्यू आम्ही एसडीएक्सएल या, इंग्रजी वर्णनावरून चित्र काढणाऱ्या एआय मॉडेलवर काढायला लागलो, तेव्हा सगळ्यात जास्त अडचण याच घरांनी केली. कॉलम वाकायचे, बाल्कनीचं रेलिंग वितळल्यासारखं दिसायचं आणि वर एक मजला जादा चढायचा.

यावर सगळे सांगतात ते औषध म्हणजे निगेटिव्ह प्रॉम्प्ट, चित्रात काय नको त्या शब्दांची वेगळी यादी. तो नेमकं काय करतो हे समजल्यावर आमचं काम सुधारलं. चित्र घडताना प्रत्येक टप्प्यावर मॉडेल दोन अंदाज काढतं, एक आपल्या वर्णनाचा आणि एक निगेटिव्हमधल्या शब्दांचा. मग चित्र दुसऱ्यापासून दूर, पहिल्याकडे ढकललं जातं. किती जोरात ढकलायचं ते सीएफजी हा आकडा ठरवतो. म्हणजे निगेटिव्ह हा हुकूम नव्हे, नुसता रेटा आहे. म्हणून तिथे ‘no’ लिहायचं नसतं. जे नको तेवढंच लिहायचं. आणि टर्बोसारखी झटपट मॉडेलं सीएफजी १ वर चालतात, तिथे हा रेटा शून्य. कितीही लिहा, फरक पडत नाही.

गावभागातल्या एका कामाचं सांगतो. तीस फूट दर्शनी रुंदी, स्टिल्ट अधिक दोन मजले, आणि बिल्डरला साइटवरच्या फलकासाठी उंच, उभं चित्र हवं होतं. १०२४ बाय १७९२ वर काढलं की हमखास तिसरा मजला यायचा. ‘extra floors’ निगेटिव्हमध्ये टाकून काही झालं नाही, कारण मॉडेल मजले मोजत नाही. ‘जादा’ कशापेक्षा जादा, हे त्याला कुठून कळणार? खरं कारण कॅनव्हासचं होतं. हे मॉडेल साधारण १०२४ बाय १०२४ एवढ्या क्षेत्रफळाच्या चित्रांवर शिकलेलं आहे. त्याहून बरीच उंच जागा दिली की ती भरायला ते घराचाच तुकडा पुन्हा रचतं. आम्ही ८३२ बाय १२१६ वर चित्र काढलं, मग दीडपट मोठं केलं, आणि मोठं करताना मॉडेलने चित्र किती बदलायचं ते ठरवणारा डीनॉइज हा आकडा ०.३ च्या आसपास ठेवला. निगेटिव्हमध्ये मजल्यांऐवजी इमारतीचे प्रकार लिहिले, कारण ते त्याला ओळखता येतात:

```
apartment building, high-rise, tower,
(bent, twisted, leaning:1.2)
```

वर्णनात ‘two-storey house raised on open stilts’ घातलं. जादा मजला गेला.

दुसऱ्या ओळीत ‘columns’ हा शब्द नाही, हे मुद्दाम. ‘warped columns’ लिहिलं की रेटा वाकडेपणासोबत कॉलमवरही बसतो, कारण विशेषण आणि नाम मॉडेलच्या लेखी पक्कं जोडलेलं नसतं. त्याचं वजन, म्हणजे कंसात शेवटी लिहितात तो आकडा, १.६ केलं तेव्हा खालचे कॉलम निघूनच गेले आणि तिथे भिंत आली. पुराच्या पट्ट्यातल्या घराला ती चूक चालणारच नाही. पाणी जायला ठेवलेली जागाच बुजते. म्हणून निगेटिव्हमध्ये दोषाचा शब्द लिहायचा, वस्तूचा नाही. तरीही कॉलम ओळंब्यात आणि नेमक्या जागी हवे असतील तर शब्द पुरत नाहीत. मग दिलेल्या रेषांना धरून चित्र काढायला लावणाऱ्या कंट्रोलनेटला आमच्या एलिव्हेशनच्या रेषाच देतो. त्याचं एमएलएसडी हे सरळ रेषांसाठीचंच आहे.

रेलिंगची गोष्ट आणखी वेगळी. त्या चित्रात तीस फुटांचं घर ६०० पिक्सेलमध्ये बसलं होतं, म्हणजे फुटाला २० पिक्सेल. एक इंची पाइप दोन पिक्सेलहूनही बारीक, आणि दोन पाइपांमधली चार इंची फट सातपेक्षा कमी. मॉडेल आतून चित्र आठ बाय आठ पिक्सेलच्या चौकोनांमध्ये धरतं, म्हणजे पाइप आणि फट दोन्ही मिळून जेमतेम एका चौकोनात. रेलिंग वितळतं ते इथे. ‘melted railing’ लिहून बाल्कनीला काच किंवा भरीव कठडा आला, रेलिंग सरळ झालं नाही. मग दहा फुटी बाल्कनीचा २०० पिक्सेलचा तुकडा मास्क केला आणि तेवढाच भाग पुन्हा काढणाऱ्या इनपेंटिंगमध्ये ‘Only masked’ निवडून १०२४ वर काढला. पाइप आठ पिक्सेलचा झाला, फट चौतीसची, आणि गज सुटे दिसले.

आता ऑफिसात नवीन मुलगी आली की तिला आधी सीड, म्हणजे चित्राची सुरुवात ठरवणारा आकडा, कायम ठेवून निगेटिव्हमधला एकेक शब्द काढायला सांगतो. जो शब्द काढून चित्र बदलत नाही, तो पुसायचा. चित्र बाहेर जाण्याआधी मात्र स्लॅब, कॉलम आणि मजले ड्रॉइंग शेजारी ठेवून बोटाने मोजायचे, आणि ही मोजणी मी स्वतः करतो. बिल्डरच्या फलकावर दिसतं तेवढंच घर मालक मागणार असतो.